चिल्ड वॉटर पाइपांची धुलाई : कोटेशन कसं वाचायचं

नव्या इमारतीत सेंट्रल एसीची पाइपलाइन जोडून झाली, की ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये एक ओळ येते : ‘हायड्रो टेस्टिंग, फ्लशिंग, केमिकल क्लीनिंग – लम्पसम’. पुढचा आकडा कुणाचा साठ हजार असतो, कुणाचा अडीच-तीन लाख. गंमत म्हणजे दोघांनीही सोबत जोडलेलं मेथड स्टेटमेंट बहुधा एकच असतं, दहा पानांचं. एखाद्यात तर आधीच्या साइटचं नाव खोडायचंही राहून गेलेलं असतं. एवढी तफावत केमिकलच्या डब्यांमुळे पडत नाही. ती पडते पंप, पाणी आणि दिवस यांच्यामुळे, आणि नेमक्या याच तीन गोष्टी त्या दहा पानांत मोघम असतात.

एक उदाहरण धरू. सहा मजली रुग्णालय, गच्चीवर 200 टनांचा चिलर. जाणारी आणि येणारी लाइन मिळून 150 मिलिमीटरचा पाइप 160 मीटर, 100 चा 400 मीटर, 50 चा 800 मीटर आणि 25 चा 700 मीटर. आधी या पाइपांच्या पोटात पाणी किती मावतं ते काढायचं. 150 च्या पाइपात मीटरमागे साधारण 19 लिटर, 100 च्या पाइपात पावणेनऊ, 50 च्या पाइपात सव्वादोन, 25 च्या पाइपात अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. बेरीज पावणेनऊ हजारांच्या आसपास येते. आपण 9,000 लिटर धरू. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यावर उभे आहेत. मेथड स्टेटमेंटमध्ये तो नसेल, तर ते या इमारतीसाठी लिहिलेलंच नाही असं समजायला हरकत नाही.

पहिली पायरी हायड्रो टेस्टची. कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, पण 10 किलोपेक्षा कमी नाही, आणि तो 24 तास टिकला पाहिजे, अशी अट आपल्याकडच्या बऱ्याच निविदांत असते. आपल्या रुग्णालयात पाण्याची उंची 25 मीटर आणि पंपाचा हेड 30 मीटर, म्हणजे तळाशी साडेपाच किलो. त्याची दीडपट सव्वाआठ होते, म्हणून 10 किलोवर टेस्ट. हा दाब सगळ्यांत खालच्या गेजवर वाचायचा. गच्चीवरच्या गेजवर त्याच वेळी साडेसातच दिसतील. तिथे 10 दिसेपर्यंत पंप मारत बसलं, तर तळाला साडेबारा किलो येतात. रबरी बेलोज आणि कॉइल टेस्टच्या वेळी वेगळ्या काढलेल्या हव्यात, आणि इन्सुलेशन टेस्टनंतरच चढवायचं.

सही करणाऱ्याने इथे दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पहिली, टेस्ट पंपाच्या टाकीतून किती पाणी गेलं. 9,000 लिटरची पोलादी लाइन पाण्याने खरोखर भरलेली असेल, तर दाब शून्यावरून 10 किलोवर न्यायला पाचेक लिटर पाणी पुरतं. चाळीस-पन्नास लिटर लागले, तर वरच्या कोपऱ्यांत हवा अडकली आहे. दाबलेली हवा धोक्याची असते आणि छोटी गळती झाकूनही टाकते. एअर व्हेंट उघडून हवा काढायची आणि टेस्ट पुन्हा करायची.

दुसरी गोष्ट रात्रीच्या नोंदींची. हवा नसलेल्या बंद पाइपातलं पाणी एका अंशाने थंड झालं, तरी हिशेबाने दाब तीन-चार किलोंनी उतरू शकतो. त्यामुळे गच्चीवरची लाइन दुपारी दोन ते पहाटे पाच ‘10.0, 10.0, 10.0’ दाखवत असेल, तर एक तर गेज अडकलं आहे किंवा वही खोलीत बसून भरली आहे. प्रत्येक नोंदीशेजारी पाइपचं तापमान लिहायला सांगा, आणि तुलना आज सकाळी सात आणि उद्या सकाळी सात अशी करा.

आता फ्लशिंग, आणि खरा पैसा इथेच आहे. पाइपात वेल्डिंगचा स्लॅग, ग्राइंडिंगचा भुगा, वाळू, गंजाची पापुद्री असं सगळं पडलेलं असतं. पाणी नुसतं भरून सोडून दिलं, की हलका गाळ निघतो आणि जड माल तळाशी तसाच बसून राहतो. तो उचलायला वेग लागतो. करारात प्रत्येक पाइपात किमान 1.5 मीटर प्रति सेकंद असं लिहून घ्या. 150 च्या पाइपात एवढा वेग हवा, तर पंपाने तासाला 102 घनमीटर पाणी फिरवलं पाहिजे. 100 च्या पाइपाला 47 आणि 50 च्या पाइपाला 12 पुरतात. टाकी भरायला आणलेला दोन-तीन एचपीचा पंप 102 घनमीटरच्या जवळपासही जात नाही, आणि साठ हजारांच्या कोटेशनमध्ये बहुधा तोच असतो. इथे 15 एचपीचा पंप, मोठी टाकी, येणाऱ्या लाइनवर बारीक जाळीचा स्ट्रेनर आणि तात्पुरती पाइपिंग लागते. इमारतीचाच पंप वापरू, असा प्रस्ताव येतो. 200 टनांच्या चिलरला साधारण 109 घनमीटर लागतात, म्हणजे प्रवाह पुरेल. पण सगळी घाण त्या नव्या पंपाच्या सीलमधून जाईल. मी तरी भाड्याचा पंप आणायला सांगेन.

क्रम असा : चिलर, एएचयू आणि एफसीयू बायपास करून आधी मुख्य हेडर, मग राइझर, मग एकेका मजल्याची लाइन. मजल्यावर फ्लशिंग करताना बाकीचे व्हॉल्व्ह बंदच हवेत, नाहीतर पाणी सोप्या वाटेने निघून जातं आणि शेवटच्या खोलीच्या पाइपाला वेग मिळतच नाही. पाइपवर बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर भाड्याने मिळतो. प्रत्येक टप्प्याचं रीडिंग त्यावर घ्या. पुरेसं झालं हे बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या रंगावरून ठरवू नका. स्ट्रेनरची जाळी काढून पांढऱ्या फडक्यावर झटका. वेल्डिंगचे काळे मणी पडताहेत तोवर चालू ठेवायचं.

हा माल आत राहिला तर तो सुरुवातीच्या आठवड्यांतच एफसीयूच्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. तीन खोल्या गार होत नाहीत, स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढत जातो, चिलर ‘लो फ्लो’ दाखवून बंद पडतो. मग चालू रुग्णालयात एकेक सीलिंग उघडून व्हॉल्व्ह काढावे लागतात.

केमिकल क्लीनिंग त्यानंतर. तेल, पातळ गंज आणि मिल स्केल सोडवणारं द्रावण पाण्याच्या सुमारे एक टक्का घालून फिरवतात. 9,000 लिटरला 90 किलो, म्हणजे पन्नासचे दोन कारबॉय. पुरवठादाराच्या पत्रकात मात्रा वेगळी असेल तर ती धरा. लहान लाइन जीआयची असेल तर ते आधीच सांगा, कारण आम्लधर्मी क्लीनर जस्ताचा थर खातो. मग स्वच्छ पाण्याने धुवायचं. धुणं संपलं हे कंडक्टिव्हिटी मीटर सांगतो : बाहेर येणाऱ्या पाण्याचं रीडिंग आत जाणाऱ्या पाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत आलं पाहिजे. आणि त्याच दिवशी गंजरोधक आणि जंतुनाशक घालून लाइन भरून टाकायची. धुतलेला पोलादी पाइप ओला आणि रिकामा ठेवला, तर काही तासांत आतून तांबूस होतो आणि केलेली धुलाई वाया जाते.

आता बेरीज. खालचे दर मी हिशेबापुरते धरले आहेत. ते आपल्या शहरात विचारून बदला, रचना तीच राहील. टेस्टसाठी एकदा, फ्लशिंगला चारदा, क्लीनिंगला एकदा, धुण्याला चारदा आणि शेवटी एकदा, अशी लाइन अकरा वेळा भरते : 99 हजार लिटर, म्हणजे दहा टँकर, अडीच हजारांप्रमाणे 25,000 रुपये. पंपाचं दहा दिवसांचं भाडं 20,000, टाकी आणि तात्पुरती पाइपिंग 30,000. सुपरवायझर, फिटर आणि तीन हेल्पर मिळून रोजचे 5,100, दहा दिवसांचे 51,000. क्लीनर 100 किलो 200 रुपयांनी 20,000, गंजरोधक आणि जंतुनाशक 50 किलो 250 रुपयांनी 12,500. वीज 8,000. प्रयोगशाळेत सहा नमुने 15,000. केमिकलचं पाणी आणि पहिलं धुणं वाहून न्यायला दोन टँकर 12,000. ते पावसाळी गटारात सोडता येत नाही, आणि ठेकेदाराने हा खर्च धरला नसेल तर पाणी कुठे जाणार हे त्याला स्पष्ट विचारा. एकूण 1,93,500. ठेकेदाराचे वीस टक्के धरून 2,32,200, आणि 18 टक्के जीएसटीसह पावणेतीन लाखांना थोडे कमी.

यात केमिकलचे साडेबत्तीस हजार, म्हणजे मूळ खर्चाचा सहावा हिस्साच. त्यामुळे ‘इम्पोर्टेड केमिकल वापरतो’ म्हणून वाढवलेला भाव मला पटत नाही. पैसे वाचवायचेच तर पाण्यात वाचवा : टेस्टचं पाणी पहिल्या फ्लशिंगला वापरता येतं, आणि स्ट्रेनरमधून गाळून तेच पाणी फिरवत राहिलं तर दोन-तीन भरण्या सहज कमी होतात. शेवटच्या भरणीत मात्र काटकसर नको. तिथे बोअरवेलचं जड पाणी न घालता सॉफ्टनरचं घाला.

वेळेचा प्रश्न अनेकजण विसरतात. महावितरणची एचटी जोडणी तीन महिन्यांनी येणार असेल, तर फ्लशिंग आणि क्लीनिंग आत्ता करू नका. फ्लशिंग करून उभं राहिलेलं पाणी आतल्या आत सडतं, त्यात जंतू वाढतात आणि चिलर सुरू करताना सगळं पुन्हा धुवावं लागतं. हायड्रो टेस्ट मात्र लांबवता येत नाही, कारण तिच्याविना इन्सुलेशन अडतं; म्हणून तेवढी करून घ्यायची, टेस्टच्या पाण्यातच गंजरोधक आणि जंतुनाशक घालायचं आणि जनरेटरवर छोटा पंप लावून ते आठवड्यातून दोनदा फिरवत राहायचं. यासाठी वेगळा दर कोटेशनमध्येच मागून घ्या, नंतर मागितला तर तो दुप्पट होतो.

बिलाचे टप्पे असे पाडा : हायड्रो टेस्टच्या नोंदी तपासल्यावर 25 टक्के, फ्लो मीटरची रीडिंग आणि जाळीचे फोटो मिळाल्यावर 35, अंतिम पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर 30. त्या अहवालात एकूण लोह, तरंगणारे कण, गंजरोधकाची मात्रा आणि जंतूंची संख्या हवी, आणि नमुना ठेकेदाराच्या माणसाने एकट्याने घेतलेला नसावा. उरलेले 10 टक्के चिलर महिनाभर चालल्यावर, दुसरा नमुना तपासून आणि स्ट्रेनर पुन्हा उघडून.