कथासारातील वर्तमानकाळ : ‘आहे’ आणि ‘असतो’

चित्रपटाचे वा कादंबरीचे कथासार मराठीत बहुधा वर्तमानकाळात सांगितले जाते. व्याकरणकार ज्यास ऐतिहासिक वर्तमान म्हणतात त्याहून हा प्रयोग निराळा आहे. तेथे घडून गेलेली घटना डोळ्यांपुढे आणावयाची असते. कथेतील घटना मात्र घडून गेलेली नसतेच, दर प्रयोगागणिक ती पुन्हा घडते.

जब्बार पटेल यांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविला गेला. त्याचे सार असे आरंभता येईल : “एक मद्यपी मास्तर गावात येतो. साखर कारखाना हिंदुराव धोंडे पाटलांच्या ताब्यात असतो.” येथे ‘असतो’ च्या जागी ‘आहे’ घातले तर वाक्य अशुद्ध होत नाही, पण ते क्षणभर बातमीसारखे वाटते. ‘आहे’ सांगणाऱ्याच्या काळाशी बांधलेले असते, ‘असतो’ कथेच्या काळाशी. उलट, “‘सामना’ हा राजकीय चित्रपट असतो” असे कोणी लिहिणार नाही. कृतीविषयी बोलताना ‘आहे’, कृतीच्या आत शिरल्यावर ‘असतो’, ही कसोटी सहसा फसत नाही.

खरी अडचण मारुती कांबळेपाशी येते. मास्तर येण्यापूर्वीच हा माणूस नाहीसा झालेला असतो, आणि त्याचे काय झाले हा प्रश्न चित्रपट पुढे नेतो. “मारुती विरोध करतो, नाहीसा होतो, मग मास्तर येतो” असे सार लिहिले तर प्रत्येक वाक्य खरे आहे, तरी प्रेक्षकाला ज्या क्रमाने कळते तो क्रम नाहीसा होतो. रहस्यच उरत नाही. “नाहीसा झाला होता” असे लिहिले तर वर्तमानाची चौकट मोडते. “नाहीसा झालेला असतो” हे रूप दोन्ही साधते : घटना आधीची, आणि तिची खूण आताची. मराठीची ही सोय विद्यार्थी क्वचितच वापरतात.

काळ मध्येच बदलला की मराठीत तो लपत नाही. “मास्तर गावात येतो आणि त्याने हिंदुरावांना प्रश्न विचारला” येथे कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्त्याला सोडून कर्मामागे जाते, वाचक अडखळतो.

या वर्तमानाला एक मर्यादाही आहे. “मास्तर प्रश्न विचारतो” यावरून तो एकदा विचारतो की वारंवार, हे कळत नाही, कारण ‘-तो’ हे रूप सवयीचेही आहे. ‘सामना’त तर वारंवार विचारण्यातच सारे आहे. अशा वेळी “विचारत राहतो” असेच लिहावे लागते.