गारा वितळण्याआधी

निफाड तालुक्यात माझी दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. एका वर्षी 22 जानेवारीला सांजेच्या वेळी जेमतेम दहा मिनिटं गारा पडल्या. फळपीक विम्यात गारपिटीसाठी वेगळा हप्ता भरला होता, तरी दावा अडकला. त्यातून शिकलो ते असं.

1. पहिला फोन विम्याचा. कळवायला 72 तास असतात, पण मी त्याच रात्री कळवून तक्रार क्रमांक वहीत लिहिला. तेवढं एक शहाणपण केलं.

2. फोटोत माझी चूक झाली. वाऱ्याकडच्या बाजूचे फुटलेले घडच मी टिपले. पाहणीला आलेला माणूस आडोशाच्या ओळीत शिरला आणि म्हणाला, "इथं तर काहीच नाही, भाऊ!" मग दर पाचव्या ओळीतली एकेक अशी दहा झाडं धरून त्याच्यासमोरच मोजलं. 312 घडांपैकी 187 घडांना मार होता, म्हणजे साठ टक्के. आता मी आधी विहीर दिसेल असा लांबून फोटो घेतो, मग ओळीचा, मग घडाचा. जमिनीवरच्या गारांशेजारी रुपयाचं नाणं ठेवतो. चौथ्या दिवशी त्याच घडांचे फोटो पुन्हा काढायचे, कारण आज नुसता डाग दिसणारा मणी तोवर तपकिरी पडून सडू लागतो. आणि व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

3. अर्जात मी पिकाची अवस्था "फळ" एवढीच लिहिली होती. फळ तर वाटाण्याएवढं असतानाही फळच! छाटणी 14 ऑक्टोबरची, म्हणजे गारा पडल्या तो शंभरावा दिवस. मण्यात पाणी उतरलेलं, साल ताणलेली, खर्च जवळपास सगळा होऊन गेलेला. नुकसान का मोठं, ते या तारखेतून कळतं. छाटणीच्या मजुरीची नोंद आणि औषधांची बिलं जोडल्यावर तो मुद्दा मिटला.

4. हवामान अहवालाने मात्र घाम फोडला. मंडळाचं केंद्र आमच्यापासून नऊ किलोमीटरवर. तिथे त्या दिवशी चार मिलिमीटर पाऊस, बस्स. पण गारांचा पट्टा अरुंद असतो, आणि त्या केंद्रावर गारा मोजायची सोयच नसते. म्हणून तर गारपिटीचं नुकसान बागेत येऊन ठरवतात. तरी अहवाल टाकून देऊ नये. त्यात पावणेसहाला तापमान एकदम उतरलेलं आणि वारा वाढलेला दिसत होता. माझ्या पहिल्या फोटोवर 5:52 ही वेळ होती. तो मेळ मी अर्जात मांडला.

5. तलाठी आणि कृषी सहायकाचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो झाला म्हणून विमा कंपनीला कळवलं असं होत नाही. शेजारच्या नानांनी तसंच समजून तीन दिवस घालवले.

6. पाहणी अर्जावर आधी चाळीस टक्के लिहिले होते. मी सहीशेजारी "मोजणीत 312 पैकी 187" असं लिहून त्या कागदाचा फोटो काढला. फेरपाहणीत पंचावन्नावर तडजोड झाली.