‘फुटेज नाही’ म्हटलं तरी फॉरमॅट मारू देऊ नका

चोरीनंतर सीसीटीव्हीत त्या रात्रीची तारीख उघडली आणि यादी रिकामी आली, की सगळे एकच सांगतात: हार्ड डिस्क गेली. माझ्या किराणा दुकानात असंच झालं. बसवणाऱ्याचा पोरगा फोनवर म्हणाला, “काका, फॉरमॅट मारा, चालू होईल.” मी मारला नाही, त्याच्या मालकाला हे पत्र लिहिलं:

“भाऊ, नमस्कार. मंगळवारी पहाटे दुकान फुटलं. शेजारचा वॉचमन म्हणतो, शटरचा आवाज २:४०च्या सुमारास आला. त्या रात्री वीज गेली होती आणि आपला डीव्हीआर इन्व्हर्टरवर नाही. सकाळी मोबाइलमध्ये ९:१० वाजले होते, तेव्हा डीव्हीआरच्या कोपऱ्यात १ जानेवारी २०००, ८:०० दिसत होतं. दोन्ही एकाच फोटोत घेतलं आहे. म्हणजे आतला सेल संपलाय, आणि वीज आल्यावर घड्याळ शून्यापासून धावलंय. डीव्हीआर १ तास १० मिनिटं मागे आहे, तेव्हा २:४०चं चित्र त्या जुन्या तारखेला १:३०च्या आसपास सापडायला हवं.

घड्याळ मी दुरुस्त केलेलं नाही, डीव्हीआर बंदही केलेला नाही. बंद करून चालू केला तर तारीख पुन्हा तिथूनच सुरू होईल आणि नवं रेकॉर्डिंग त्याच वेळांवर येऊन बसेल. मेनूत जाऊन फक्त रेकॉर्डिंग थांबवलं आहे. फोनवरून काही सांगू नका, स्वतः या. हवालदारसाहेब असताना पंचांसमोर शोधू, पेन ड्राइव्हवर घेऊ, त्यानंतरच सेल बदला. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र लागेल, त्याची पोलिसांकडे आधी चौकशी करून या.”

ते आले. १:२६ला शटर उचकटताना दोघे दिसले. वॉचमनचा अंदाज चार मिनिटांनी चुकला होता, इतकंच.

अशी वेळ आलीच तर सगळ्यात आधी मोबाइल आणि डीव्हीआरची वेळ एका फोटोत पकडा. घड्याळातला हा फरक पंचनाम्यात लिहिला गेला नाही, तर चोराचा वकील २००० सालची तारीख दाखवून सुटका मागेल. घाईही करावी लागते. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने चालत असतील तर रोज साधारण ८६ जीबी भरतात, १ टीबीची डिस्क साधारण साडेअकरा दिवसांतच भरते आणि जुन्यावर नवं चढू लागतं. त्या हिशेबात २००० सालची नोंद सर्वांत जुनी ठरून आधी पुसली जाईल, याची मला जास्त धास्ती होती.

टीव्हीवर चित्र दिसतंय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय, असं नाही. आठवड्यातून एकदा आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग उघडून कोपऱ्यातली वेळ बघत जा. डीव्हीआरला छोटा यूपीएस लावा, आणि नेट असेल तर वेळ आपोआप जुळवणारं एनटीपी सेटिंग बसवणाऱ्याकडून चालू करून घ्या.