चिठ्ठीतली वाटी

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मी घरूनच घेते. एका वर्षी हाताखाली मदतीला एक मुलगी ठेवली. दोन दिवस तिने माझ्या चकल्या बघितल्या, आणि तिसऱ्या दिवशी मला लग्नाला जावं लागलं. निघताना चिठ्ठी लिहून ठेवली: "भाजणी ४ वाट्या, मोहन अर्धी वाटी, पाणी ४ वाट्यांपेक्षा थोडं कमी. तीळ, ओवा, तिखट, मीठ नेहमीप्रमाणे."

संध्याकाळी परतले तर कढईत चकली नव्हतीच. तेलात नुसता भुगा तरंगत होता. पहिली चकली विरघळली तेव्हा तिला वाटलं, आपलाच हात चुकतोय. म्हणून तिने आणखी दोन घाणे सोडले. तीन पट प्रमाणाचं पीठ भिजवून झालं होतं. "काकू, फोन करणार होते, पण तुम्ही लग्नात होता," ती म्हणाली. खरं कारण मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी तिने दोनदा विचारलं तेव्हा मी तिच्यावर करवादले होते.

चूक शोधायला मी तिलाच मोहन मोजून दाखवायला सांगितलं. तिने भाजणीचीच वाटी उचलली. मी मोहन नेहमी लहान वाटीने घेते. मोठी वाटी २४० मिलीची, लहान १२० ची. म्हणजे ६० मिलीच्या जागी १२० मिली तेल गेलं होतं. मोहन जास्त झालं की पीठ धरून राहत नाही आणि चकली तेलात सुटते. चिठ्ठी तिने तंतोतंत पाळली होती. दोन वाट्यांना एकच शब्द वापरला होता तो मी.

दुसरी उणीव मला नंतर कळली. मी कधीच सगळं पीठ एकदम तळायला घेत नाही. आधी एकच चकली सोडून बघते. विरघळायला लागली, तर पिठात थोडी कोरडी भाजणी आणि लागेल तसा पाण्याचा हात लावून पुन्हा मळते. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की चिठ्ठीत लिहायचं सुचलंच नाही.

म्हणून पुढची चिठ्ठी मी लिहिली नाही. मी चकल्या केल्या आणि तिने बघून लिहिलं. मी "थोडं" म्हटलं की ती हात धरून थांबवायची आणि काट्यावर वजन करायची. त्यातून हे उतरलं: भाजणी ५०० ग्रॅम, मोहन ५५ ग्रॅम, पाणी साडेतीन मोठ्या वाट्या, आणखी मळताना लागेल तसं. पाण्यात मोहन, मीठ, तिखट, तीळ, ओवा घालून उकळी आली की गॅस बंद करून भाजणी घालायची, ढवळायचं आणि १५ मिनिटं झाकून ठेवायचं. मग परातीत घेऊन मळायचं.

प्रत्येक ओळीपुढे तिने "कसं ओळखायचं" असा रकाना केला. सोऱ्यातून पाडताना चकली तुटली, तर पीठ कोरडं आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. पिठाचा कण तेलात टाकल्यावर लगेच वर आला, तर तेल तयार. तळताना बुडबुडे जवळजवळ थांबले की चकली काढा. आधी काढली तर गार झाल्यावर मऊ पडते.

पण कडक चकली आणि विरघळणारी चकली यांतला फरक वाचून कळत नाही. म्हणून एकेका वाटी भाजणीचे तीन घाणे मुद्दाम केले: एकात मोहन अर्धा मोठा चमचा, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन. पहिली कडक झाली, दुसरी खुसखुशीत, तिसरी तेलातच सुटली. तिन्ही तिने स्वतः तळल्या. त्या तीन वाट्या भाजणीत ती जे शिकली, ते माझ्या दोन दिवसांच्या बोलण्यात शिकली नव्हती.

शेवटी चिठ्ठीचीच परीक्षा घेतली. कधी चकली न केलेल्या शेजारच्या सुनेला चिठ्ठी दिली आणि मी गप्प बसले. तिने तीनदा मान वर केली: पाण्याची वाटी काठोकाठ भरायची की थोडी कमी? झाकून ठेवायचं ते भांडं शेगडीवरच ठेवून की उतरवून? तळताना गॅस केवढा? तिन्ही उत्तरं चिठ्ठीत घातली: काठोकाठ, उतरवून, मध्यम.

तुम्ही कुणाला हाताखाली घेणार असाल, तर पहिल्या दिवशी फक्त वजन करणं आणि चकल्या पाडणं द्या, मग मळणं, तळणं सगळ्यात शेवटी. पाण्याचा आकडा मात्र पक्का धरू नका. तांदूळ बदलला, भाजणी जास्त भाजली गेली, की पाणी बदलतं. म्हणून आमच्या चिठ्ठीची सगळ्यात वरची ओळ आता अशी आहे: "आधी एकच चकली तळा. बिघडली तर पुढची सोडू नका, काकूंना फोन करा. लग्नात असल्या तरी."