‘पूछो ना कैसे’चा राग कोणता? नट भैरव, भैरवी की आणखी काही?

प्रश्न : मी हौशी पेटीवादक आहे. मन्ना डेंचं ‘पूछो ना कैसे मैंने रैन बिताई’ मला पेटीवर बरोबर वाजवता येतं. त्यात लागणाऱ्या पट्ट्या अशा : पांढरी एक, तीन, चार, पाच, सहा, काळी एक आणि काळी पाच. पांढरी चार हा सा धरून मी रागांच्या पुस्तकात शोधलं, तर नट भैरवाचे सूर निघाले. मित्र म्हणतो, एवढं दुःखाचं गाणं म्हणजे भैरवीच. खरं काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या सातही पट्ट्या बरोबर आहेत. घोळ झालाय तो सा निवडताना, आणि तोही इतक्या स्वाभाविकपणे झालाय की तो उलगडून पाहण्यासारखा आहे.

नुसत्या पट्ट्यांवरून राग कळत नाही, कारण कोणत्याही सुराला नाव मिळतं ते षड्जापासूनच्या अंतरावरून. तुमची काळी एक पट्टी घ्या. पांढरी चार सा असेल तर ती कोमल धैवत ठरते आणि पांढरी एक सा असेल तर कोमल रिषभ. म्हणजे त्याच सात पट्ट्यांतून दोन वेगळे राग निघतात. पांढऱ्या चारवरून मोजलंत, तर रिषभ, गंधार, मध्यम शुद्ध, धैवत कोमल आणि निषाद शुद्ध असे सूर मिळतात. हे खरोखरच नट भैरवाचे सूर आहेत, त्यामुळे पुस्तकाने तुम्हाला चुकीचं काही सांगितलेलं नाही.

आता प्रश्न उरतो तो गाण्याचा सा कोणता, एवढाच. यासाठी पुस्तक मिटून ठेवा आणि कान उघडा. पेटीवर पांढरी एक आणि पांढरी पाच एकत्र दाबून धरा, भाता संथ चालू ठेवा आणि त्या आसेवर मुखडा स्वतः गा, वाजवू नका. मग पांढरी चार आणि वरची पांढरी एक धरून तोच मुखडा त्याच पट्टीत पुन्हा गा. पहिल्या वेळी ओळ संपताना आवाज घरी पोचल्यासारखा टेकेल. दुसऱ्या वेळी तीच ओळ पंचमावर लोंबकळत राहील, अजून काही सांगायचं राहिलं आहे असं वाटेल. म्हणजे सा आहे पांढरी एक.

पांढऱ्या चारचा मोह तुम्हाला का पडला, याचं उत्तरही रागातच आहे. खरा सा धरला की पांढरी चार होते शुद्ध मध्यम आणि या रागाचा वादी स्वर मध्यमच आहे. राग तिथे पुन्हा पुन्हा थांबतो, आणि जिथे थांबतो तोच सा असं कानाला वाटून जातं. मुक्काम आणि घर यांत फरक करायला आस लागते. म्हणूनच तानपुऱ्याशिवाय राग ओळखायला बसू नये, असं मी आग्रहाने सांगतो. मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवून पाहणार असाल, तर आणखी एक अडचण येईल : जुन्या गाण्यांची पट्टी पुष्कळदा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी पडते, कारण मुद्रणाचा वेग किंचित मागेपुढे झालेला असतो. अशा वेळी मोबाइलवरचा तानपुरा बारीक फिरवून गाण्याशी जुळवून घ्यावा.

आता सा पक्का धरून मोजू. रिषभ कोमल. गंधार, मध्यम, पंचम आणि धैवत शुद्ध. निषाद कोमल. मित्राचा दावा एका सुरात निकालात निघतो, कारण भैरवीत गंधार कोमल असतो आणि इथे तो स्वच्छ शुद्ध आहे. कोमल रिषभाशेजारी शुद्ध गंधार आला की कानाला आठवण होते ती भैरवाची. पण भैरवात धैवत कोमल आणि निषाद शुद्ध, तर इथे दोन्ही नेमके उलटे. खालचा अर्धा भाग भैरवाचा आणि वरचा काफीचा, असा हा जोड आहे. हाच अहिर भैरव. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी एकाचेही सूर याच्याशी पूर्ण जुळत नाहीत. तरी स्वभाव पाहून त्याला भैरव थाटात बसवतात. तेव्हा ‘आधी थाट शोधू’ ही पद्धत इथे कामी येणार नाही.

सूर जुळले म्हणजे राग सिद्ध झाला, असं मात्र नाही. त्याची चालही दिसायला हवी. अहिर भैरवाची ओळख पटवणारी एक जागा मंद्र सप्तकात आहे : शुद्ध धैवत, कोमल निषाद, तिथून षड्ज ओलांडून थेट कोमल रिषभ आणि मग सावकाश षड्ज. दुसरी जागा भैरवाची : गंधार, मध्यम आणि तिथून मींडेने कोमल रिषभावर उतरून षड्ज. या दोन्ही जागा पेटीवर घोळवून घ्या आणि मग गाणं ऐका. कोमल रिषभावरून षड्जाकडे येणं त्यात पुन्हा पुन्हा भेटेल. तो रिषभ मन्ना डेंच्या गळ्यात कसा हलतो, तेही ऐका. पेटीची पट्टी सूर स्थिर धरते, त्यामुळे रिषभाचं हे आंदोलन तुमच्या वाजवण्यात येऊ शकत नाही, आणि रागाचा निम्मा जीव तर तिथेच आहे.

भावाकडे आपण सर्वांत शेवटी येतो आहोत, आणि ते मुद्दाम. अहिर भैरव सकाळच्या पहिल्या प्रहराचा राग. ‘मेरी सूरत तेरी आँखें’ (१९६३) मधलं हे गाणं शैलेंद्रांनी लिहिलं आहे ते रात्र जागून काढलेल्या माणसाच्या तोंडी. सचिन देव बर्मन यांनी त्यासाठी मध्यरात्रीचा राग न घेता पहाटेचा घेतला. जागरण सोसून माणूस जिथे पोचतो त्या वेळेचाच हा राग आहे. भैरवाचं गांभीर्य आणि वरच्या सुरांचा ओलावा एकत्र आल्याने ते दुःख आक्रोश करत नाही, संयमाने बोलतं. सूर आणि शब्दांची वेळ इतकी चपखल जुळते, तेव्हा आपला अंदाज आणखी पक्का होतो.

पण केवळ भावावरून राग ठरवायला गेलात, तर मित्रासारखं होईल. ‘हम दिल दे चुके सनम’ (१९९९) मधलं ‘अलबेला सजन आयो रे’ याच अहिर भैरवात आहे आणि ते आनंदाने स्वागत करतं. लय, ठेका आणि शब्द बदलले की एकच राग रडवतोही आणि हसवतोही.

पुढचा सराव म्हणून ‘देख कबीरा रोया’ (१९५७) मधलं लताबाईंचं ‘मेरी वीणा तुम बिन रोए’ घ्या, संगीत मदन मोहन यांचं. आधी आस धरून सा ठरवा, मग धैवत आणि निषाद तपासा. त्या वेळी फक्त गायलेल्या ओळी धरा. मधल्या वाद्यमेळात संगीतकार रागाबाहेरचे सूर मोकळेपणाने घेतात आणि तेच आपल्या यादीत शिरून सगळा हिशेब बिघडवतात.