घरच्या ऑफिससाठी इंक टँक प्रिंटर: दीड वर्ष वापरल्यावरचा हिशोब

"सर, कुठला प्रिंटर घेऊ?" असं तुम्ही विचारता, म्हणून माझ्या टेबलावरच्या इंक टँक प्रिंटरबद्दल सांगतो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हिशोब कुठल्याही मॉडेलला लावता येतो.

आधी शाई. काळी बाटली 450 रुपयांची, खोक्यावर लिहिलंय 4500 पानं. म्हणजे पानाला 10 पैसे. मला प्रत्यक्षात 3000 च्या आसपास मिळाली, 15 पैसे पडले. फसवणूक नाही ही. खोक्यावरचा आकडा सलग छपाईचा असतो. आपण चार दिवस प्रिंटर बंद ठेवतो, मग रेघा येतात, मग हेड क्लीनिंग करतो, आणि त्यात शाई वाया जाते. म्हणून आठवड्यातून एक रंगीत पान काढाच.

आता तुलना. माझा जुना कार्ट्रिजवाला प्रिंटर 5000 चा होता, पण 750 च्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम 150 पानं, म्हणजे पानाला 5 रुपये. टँकवाला 12000 ला पडला, 7000 जास्त. पानामागे 4 रुपये 85 पैसे वाचतात, म्हणजे साधारण 1450 पानांनंतर फरक वसूल. महिन्याला 150 पानं असतील तर दहा महिन्यांच्या आत. पण तुमची 20 च पानं असतील तर सहा वर्षं लागतील! मग कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बरं.

क्वालिटी? बिलं, कोटेशन झकास. पण बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये रंगीत शाई पाण्याने पसरते. दुकानातच सँपल प्रिंटवर ओलं बोट फिरवून बघा. माझं लाल अक्षरातलं कुरिअर लेबल पावसात धुऊन गेलं होतं, पार्सल परत आलं. तेव्हापासून पत्ता फक्त काळ्यात, वर पारदर्शक टेप.

वायफायने मात्र डोकं खाल्लं. प्रिंटर चालू, तरी लॅपटॉपवर 'Offline'. कारण असं की राऊटर रीस्टार्ट झाला की प्रिंटरला नवा आयपी पत्ता मिळायचा आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर शोधत बसायचा. प्रिंटरचं नेटवर्क स्टेटस पान काढून दोन्ही पत्ते ताडून बघा, लगेच कळेल. राऊटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवला आणि लॅपटॉपवर प्रिंटर त्या पत्त्याने पुन्हा जोडला, तेव्हा त्रास थांबला. सेटअपला अडत असेल तर आधी 2.4 गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क निवडा. बरेच स्वस्त प्रिंटर 5 वर चालतच नाहीत. आणि घाईच्या दिवसासाठी यूएसबी केबल जवळ असू द्या.

सर्व्हिसचं एकच सांगतो. वॉरंटी कार्डावर वर्षांसोबत पानांची मर्यादा असते का बघा, जे आधी संपेल ते लागू होतं. आणि तंत्रज्ञ तुमच्या पिनकोडला घरी येतो का, हे पैसे देण्याआधी कस्टमर केअरला फोन करून विचारा. मी विचारलं नव्हतं, त्यामुळे रिक्षात प्रिंटर घालून सर्व्हिस सेंटरला दोन फेऱ्या मारल्या.