डब्यातला दहीभात दुपारपर्यंत गोड कसा राहील?

प्रश्न : मी देहूला राहतो आणि चाकणला पहिल्या पाळीला जातो. कंपनीची बस सकाळी सहाला येते आणि डबा उघडायला साडेअकरा वाजतात. उन्हाळ्यात दहीभात न्यावासा वाटतो. पण घरून निघताना मऊ असलेला भात दुपारी आंबट झालेला असतो, त्याचा घट्ट गोळा होतो आणि कडेला पाणी सुटतं. आई म्हणते दही कमी घाल, बायको म्हणते दूध जास्त घाल. नेमकं प्रमाण काय? आणि फोडणी घातली की दही का फुटतं? – एक वाचक, देहू

उत्तर : आई आणि बायको एकच गोष्ट सांगताहेत, आणि दोघींचंही बरोबर आहे. डब्यात न्यायचा दहीभात हा निघताना जवळजवळ दूधभात असायला हवा. त्यातलं चमचाभर दही विरजणाचं काम करतं आणि दूध डब्यातच लागतं. साडेअकराला तुम्ही उघडता तेव्हा ते नुकतं लागलेलं, गोड, अधमुरं दही असतं. तुम्ही बहुधा वाटीभर तयार दही घालत असाल. ते सकाळीच पुरतं लागलेलं असतं, त्यामुळे पुढच्या साडेपाच तासांत आंबट होण्यापलीकडे त्याला दुसरी वाट नसते. दह्यातले जीवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि पस्तीस ते चाळीस अंशांच्या आसपास ते फार जोरात वाढतात. चैत्र-वैशाखात बसच्या खिडकीशी ठेवलेल्या डब्यात त्यांना हवी तेवढी ऊब मिळते.

म्हणून प्रमाण ठरवताना आधी दोन गोष्टी विचारायच्या : किती तासांनी खाणार आणि तोवर डबा किती गरम राहणार. तुमच्यासाठी, एका माणसाचा उन्हाळ्यातला डबा असा बसतो. अर्धी वाटी तांदूळ, दीड वाटी पाणी, सव्वा वाटी तापवून गार केलेलं दूध आणि एकच मोठा चमचा ताजं दही. थंडीत दूध आणि भात कोमट ठेवून दही दोन-तीन चमचे करा, नाहीतर दुपारपर्यंत ते लागणारच नाही. घरी लगेच पानात वाढायचा असेल तर हिशोब उलटा : तेवढ्याच भाताला वाटीभर दही आणि अर्धी वाटी दूध. कंपनीत फ्रिज असेल आणि डबा पोचताच त्यात जात असेल, तर थंडाव्यात दही लागणार नाही. तेव्हा दही-दूध निम्मं-निम्मं घ्या.

तांदळाच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. नदीच्या नावाचा इंद्रायणी तांदूळ तुमच्या शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला. तो शिजल्यावर चिकट आणि मऊ होतो. पुलावाला हा गुण नको असतो, दहीभाताला मात्र हाच हवा. बासमतीचा दाणा सुटा राहतो, गार झाल्यावर कडक होतो आणि दही त्याच्याभोवती नुसतं पातळ हिंडत राहतं.

आता गोळा का होतो ते पाहू. शिजलेला भात गार होताना त्यातलं पिष्ट घट्ट होत जातं आणि शिवाय तो भोवतालचा ओलावाही शोषून घेतो. दाणा नीट शिजलेला नसेल तर हे शोषणं तासन्‌तास चालतं. त्यासाठी दोन उपाय. पहिला, भात नेहमीपेक्षा एक शिट्टी जास्त शिजवा आणि गरम असतानाच मीठ घालून डावाच्या पाठीने घोटा. गार भात घोटला जात नाही, त्याच्या गुठळ्या होतात. दुसरा, डबा भरताना मिश्रण तुम्हाला जास्तच पातळ वाटलं पाहिजे, खिरीइतकं सैल. निघताना बरोबर दिसणारा दहीभात दुपारी कोरडाच निघतो.

सगळ्यात जास्त घाई होते ती निवण्यात. भात घोटला की परातीत पसरा आणि पंख्याखाली ठेवा. परातीचा तळ हाताला गरम लागेनासा झाला की फ्रिजमधलं थंड दूध घालून कालवा आणि दही शेवटी. गरम भातात दही पडलं की त्यातली प्रथिनं आकसतात, पाणी बाहेर टाकतात आणि रवाळ होतात. शिवाय फार गरम भातात दह्यातले जीवाणूच मरतात. मग दूध लागत नाही आणि दुसरेच जंतू वाढायला मोकळे राहतात. दूध तापवलेलंच असावं, कारण उकळल्यानं दही जास्त घट्ट लागतं आणि पाणी कमी सोडतं. जाड पोत हवा असेल तर टोन्ड दुधापेक्षा फुल क्रीम किंवा म्हशीचं घ्या. टोन्डमध्ये स्निग्धांश तीन टक्के असतो, फुल क्रीममध्ये सहा, आणि हा फरक जिभेला कळतो.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. सकाळची धावपळ वाचावी म्हणून रात्री भात करून ओट्यावर ठेवू नका. भातातल्या एका जंतूची बीजं शिजवूनही मरत नाहीत. उबेत रात्रभर राहिली की ती रुजतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. त्याला वासही येत नाही. रात्री करायचाच असेल तर पसरून लवकर निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी थोड्या दुधात उकळी आणून पुन्हा घोटा, म्हणजे फ्रिजमध्ये आलेला कडकपणा जाईल. मग निववून उरलेलं दूध आणि दही. डबा साडेअकराला खा, संध्याकाळसाठी उरवू नका. चमच्याला तार आली किंवा दुर्गंधी वाटली तर चाखूनही पाहू नका.

फोडणीनं दही फुटतं तेही उष्णतेनंच. चुरचुरणारं तेल थेट ओतलं की जिथे पडतं तिथे दह्याचे कण आकसतात. कढल्यात मोहरी तडतडली की जिरं, चमचाभर उडदाची डाळ आणि हिंग घाला, डाळ गुलाबी झाली की गॅस बंद करून मग कढीपत्ता. दोन-तीन मिनिटं थांबा आणि कोमट झाल्यावर कालवा. ताटातल्या भाताला साजूक तूप उत्तम, पण डब्यातल्या किंवा फ्रिजमधल्या गार भाताला तेलच बरं, कारण तूप थिजून टाळूला चिकटतं. मिरचीचा तिखटपणा तेलात चटकन उतरतो, म्हणून सौम्य हवा असेल तर ती चिरून फोडणीत घालू नका. त्यापेक्षा सांडगी मिरची वेगळी तळून कागदात गुंडाळून न्या. डब्यात भातावर ठेवली तर ती मऊ पडते आणि तिखटपणाही सोडते.

काकडी किंवा डाळिंब घालायचं असेल तर तेही छोट्या डबीतून वेगळं न्या. मीठ लागलेली काकडी तासाभरात पाणी सोडते, आणि कडेला साचलेल्या तुमच्या पाण्यात तिचाही वाटा असू शकतो.